उघाडीवरचा नारळ

रतनशेठनी मातीचा अहवाल दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि पप्पांना विचारलं, "दिपेशभाऊ, तीन मीटरवर खडक आहे. मग मला कशाला बोलावलंत?"

आम्ही जुन्या घराच्या ओट्यावर बसलो होतो. रतनशेठ विठ्ठलवाडीचे. पाइलिंगचं काम करतात, म्हणजे जमिनीत खोल गोल भोकं पाडून त्यांत सळ्यांचे पिंजरे सोडायचे आणि काँक्रीट भरायचं. दिवा गावाच्या खाडीकडच्या बाजूला गेल्या काही वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच इमारतींचे पाये त्यांनीच घातलेत. आम्हाला गावठाणाला लागूनच्या जागेवर तळमजला आणि वर दोन मजले बांधायचे होते.

"आजूबाजूला सगळे पाइलिंग करतात, म्हणून बोललो विचारून बघू," पप्पा म्हणाले.

"सगळे करतात म्हणून करायची ही गोष्ट नाही. सगळ्या प्लॉटखाली दोन-तीन मीटरवर पक्की जमीन असेल तर खड्डे खणा, तळाशी काँक्रीटचं रुंद फुटिंग टाका, त्यावर कॉलम उचला. साधं काम. वरचा थर कुचकामी आणि पक्का थर खूप खाली, तेव्हा पाइल." त्यांनी चहा संपवला. "स्वतःच्या तोंडाने काम नको म्हणणारा गाढव अख्ख्या कल्याण तालुक्यात मी एकटाच असेन."

माझा आजा गोविंदा दाराशी आरामखुर्चीत होता. तो हसला. "मी तरी काय बोलत व्हतो? आपली जागा दगडावर हाय. उगा पैसे चिखलात कशाला घालायचे?"

पप्पांचे खांदे सैल झाले. मला मात्र तो अहवाल पहिल्यापासून टोचत होता. मी गेल्या वर्षी भूविज्ञानात बी.एस्सी. झाले. घरच्यांच्या मते मला दगड ओळखता येतात, बाकी काही येत नाही. पण एवढं मला कळत होतं की अहवालात बोअर, म्हणजे माती तपासायला पाडलेलं भोक, एकच होतं आणि ते प्लॉटच्या ईशान्येच्या कोपऱ्यात होतं.

ते तिथे का होतं हेही आम्हाला माहीत होतं. बोअरचं मशीन आलं त्या सकाळी आजा नारळ घेऊन बाहेर पडला होता. आमच्या पूर्वजांचं इथे मिठागर होतं. खाडीचं पाणी आत घ्यायला आणि अडवायला बांधात जी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. मिठाचा हंगाम सुरू करायचा तर पहिला नारळ उघाडीवर फुटायचा, तो फुटल्याशिवाय कोणी फावडं उचलायचं नाही. मिठागर गेलं, उघाडी गेली, पण आजाने ती होती तिथेच नारळ फोडला आणि मशीनवाल्याला म्हणाला, "हितंच पाड." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पप्पांनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला होता.

"एका बोअरवर सगळ्या प्लॉटचं कसं ठरवायचं?" मी विचारलं. "आणि खाली दगड असेल, तर बायजाआजीचं घर का खचलं?"

बायजाआजी म्हणजे आजाच्या धाकट्या, वारलेल्या भावाची बायको. तिचं एकमजली घर आमच्या प्लॉटला खेटून आहे. वाटणीत तिला ती जागा मिळाली. घर बांधलं तेव्हा साधं फुटिंग टाकलं होतं. मागच्या खोलीचं दार आता लागत नाही. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्यात. गावात सगळे म्हणतात, गवंड्याने सिमेंट खाल्लं. तो गवंडी नंतर या गल्लीत कधी आला नाही.

"तिचं बांधकामच तसलं," आजा म्हणाला.

रतनशेठ उठले. "चला, बघू तर. आपल्या शेजारी काम होणार म्हटल्यावर ते घर आधी बघावंच लागतं. नाहीतर उद्या जुन्या भेगाही आमच्याच नावावर."

बायजाआजी अंगणात सुकट निवडत होती. "या, या. म्युझियम बघायला आलात? तिकीट नाय, पण हसू नका."

मी गवंड्याची पाण्याची नळी आणली होती. लांब पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांची पाण्याची पातळी सारखी राहते, घर कितीही खोटं बोललं तरी. पप्पांनी एक टोक पुढच्या दाराशी धरलं आणि मी दुसरं घेऊन खोल्याखोल्यांत फिरले. पुढची खोली जवळपास सपाट होती. मागचा कोपरा चार बोटं खाली होता. रतनशेठनी भेगेवरून बोट फिरवलं. भेग वर रुंद होती, खाली निमुळती.

"सिमेंट कमी म्हणून घर असं एका बाजूला बसत नाही," ते म्हणाले. "हा कोपरा खाली गेलाय. बाकीचं घर जागेवर आहे, म्हणून मधे फाटलंय. सगळं सारखं खचलं असतं तर एवढं दिसलंही नसतं."

मग मला चैन पडेना. आमच्या कुंपणाची भिंत एके ठिकाणी वाकलेली होती, ती मला आठवली. प्लॉटमध्ये एका पट्ट्यात पाणी साचतं आणि तिथे पाणकणीस उगवतं, तेही. मी चुन्याची पिशवी घेतली आणि या तीन जागांवर एकेक ढीग घातला: बायजाआजीच्या घराचा खचलेला कोपरा, वाकलेली भिंत, पाणकणीस. एखादा ओढा जसा जातो, तशा त्या एका वळणदार रेषेत बसल्या. रेषा पुढे नेली तर ती ईशान्येच्या कोपऱ्याला जाऊन मिळत होती.

मला त्या क्षणी फक्त आनंद झाला होता, हे खरं. परीक्षेत गणित सुटल्यावर होतो तसा. मी तिथूनच ओरडले, "आजा, उघाडीत पाणी ज्या नाल्यातून यायचं तो नाला इथूनच जायचा का रे? उघाडीला पक्का आधार लागतो, म्हणून ती खडकावर बांधली असणार. पण नाला तर गाळातच असणार ना?"

आजा प्लॉटच्या कडेला काठी टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बायजाआजीकडेही नाही. त्याची मान हळूहळू खाली गेली. मी माझ्या आजाची मान कधी खाली गेलेली पाहिली नव्हती, गावच्या मीटिंगमध्ये तो उभा राहिला की लोक खुर्च्या पुढे करतात. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्या हातातली चुन्याची पिशवी मला एकदम जड झाली.

बायजाआजी अंगणातून चालत आली. तिच्या बोटांना सुकटीचा वास होता. "पोर काय विचारते, भावजी?"

"जुनी गोष्ट हाय," आजा म्हणाला.

"मग सांगा ना. मना पण ऐकू द्या जुनी गोष्ट."

रतनशेठनी मध्येच घसा साफ केला. मला वाटलं ते विषय बदलतील, पण त्यांनी कामाचंच विचारलं. "बाबा, भराव कधी टाकला? आणि कशाचा टाकला? मला पाइल करायचे असोत-नसोत, हे कळलंच पाहिजे. खाली गाळ असेल आणि त्यावर भरावाचं ओझं असेल, तर गाळ वर्षानुवर्षं दबत राहतो. दबताना तो पाइलला धरून खाली ओढतो. घराचं वजन वेगळं आणि हे ओढणं वेगळं. डिझाइनमध्ये ते धरलं नाही, तर पाइल घालूनही माणूस रडतो."

"भराव पूर्वीपासून हाय," आजा पुटपुटला.

"पूर्वीपासून?" बायजाआजी म्हणाली. "मोठ्या पुरानंतर डंपर कोण आणत व्हतं? मी सगळ्या ड्रायवरांना पाणी पाजलंय या हातानं. तुम्ही बोललात, भावजय असलीस तरी बहिणीसारखी हायस, तुझ्यासाठी जागा पक्की करतो."

आजाने काठी उचलली. मला वाटलं तो घरात जाणार. पण तो प्लॉटमध्ये शिरला. ईशान्येच्या कोपऱ्यातून, नारळाच्या करवंटीचा तुकडा अजून पडला होता तिथून, त्याने काठीने जमिनीवर रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ माझ्या पाणकणसाच्या ढिगावरून गेली, भिंतीच्या वाकलेल्या जागी थांबली. भिंतीला वळसा घालून तो पलीकडे गेला आणि बायजाआजीच्या मागच्या खोलीशी उभा राहिला.

"हितं मचवा लागायचा," तो म्हणाला. "मिठाच्या गोणी भरायला. ओहोटीला पण माणूस उभा बुडंल एवढं खोल. खाली तळ कंदीच लागला नाय. उघाडीच्या दगडापासून दहा पावलं पुढं आलं की बांबू नुसता आत जायचा." तो थांबला. "मी चाळींचा राडारोडा टाकून घेतला. वर मुरूम पसरला. मना वाटलं, बसंल. माती काय, बसतेच कंदी तरी."

"बसली की," बायजाआजी म्हणाली. "माझं घर घेऊन बसली."

पप्पांनी विचारलं, "मग त्या दिवशी बोअर तिथे का पाडायला लावलंस, बाबा? आपलं स्वतःचं घर आहे ना हे? आपल्याच पोराला फसवलंस?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मधी पाडलं असतं तर चिखल वर आला असता," आजा म्हणाला. "हिच्या डोळ्यांसमोर."

एवढंच. आपल्या घराचा पाया चुकला तरी चालेल, पण तो काळा चिखल बायजाआजीच्या अंगणासमोर वर यायला नको. आणि त्यासाठी त्याने देवाचा नारळ वापरला होता. मला आमच्या फॅमिली ग्रुपवरचा तो फोटो आठवला. त्याखाली सगळ्यांनी हात जोडले होते. मीही.

बायजाआजीने आपल्या घराच्या कोपऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या शिवराम गवंड्याला मी भर नाक्यावर चोर बोलले. त्याच्या पोरांसमोर." आणि ती आत गेली. मागचं दार ओढायचा तिने प्रयत्न केला, ते लागलं नाही, म्हणून तिला ते तसंच उघडं सोडावं लागलं.

ठाण्याच्या नीरजा मॅडम आमच्या घराचं डिझाइन करत होत्या. पप्पांनी त्यांना फोन केला तेव्हा त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी तीन बोअर सांगितली होती." मशीन पुन्हा आलं. या वेळी नारळ नव्हता. आजाने काढलेल्या रेघेवर, प्लॉटच्या मधोमध त्यांनी भोक पाडायला घेतलं. आजा तिथे उभा राहिला. कोणी त्याला खुर्ची आणून दिली नाही आणि त्याने मागितली नाही.

आधी मुरूम, मग विटांचे तुकडे, फरशीचे कपचे, प्लास्टिक. चार मीटरनंतर राखाडी-काळा गाळ सुरू झाला, त्यात शिंपल्यांचा चुरा. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास होता. जमीन किती घट्ट आहे हे बघायला ठरलेलं वजन ठरलेल्या उंचीवरून टाकतात आणि नळी ठरावीक अंतर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. इथे मोजायला काही नव्हतं. वजन नुसतं ठेवलं तरी नळी आपोआप आत जात होती. बारा मीटरला पिवळा मुरूम लागला, चौदाच्या आसपास काळा खडक. तिसरं बोअर बायजाआजीच्या भिंतीजवळ घेतलं, तिथेही तेच.

बायजाआजी दारात उभी राहून सगळं बघत होती. चिखलाने भरलेली नळी बाहेर काढली तेव्हा ती जवळ आली, चिमूटभर चिखल घेऊन बोटांत चोळला. "हाच तो," ती म्हणाली. "लग्न करून आले तेव्हा पाय धुऊन धुऊन निघत नव्हता."

त्यानंतर नीरजा मॅडम आणि रतनशेठ एकाच दिवशी आले. एका कोपऱ्यात खडक तीन मीटरवर आणि दुसऱ्या बाजूला चौदावर. अशा जागी अर्धं घर फुटिंगवर आणि अर्धं गाळावर ठेवलं तर ते बायजाआजीच्या घरासारखंच मधे फाटेल, असं मॅडमनी पप्पांना समजावलं. पाइलला पर्याय नव्हता.

"सगळे पंधरा मीटर धरू," रतनशेठ म्हणाले.

"सगळे कशाला?" मी विचारलं. पूर्वीसारखा आवाज निघाला नाही. "उघाडीकडे खडक वर आहे."

"तिकडचे आखूड होतील. जेवढी खोली भरेल तेवढीच बिलात मोजायची."

"आणि कुठे थांबायचं ते कोण ठरवणार?"

"खडक लागला की कळतं."

"तुम्हाला कळतं," मागून बायजाआजी म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोणाला कळलं नव्हतं. "मना कसं कळंल? मना एकदा एकानं दगड हाय बोलून सांगितलंय."

आजा ओट्यावरच होता. त्याने काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

रतनशेठनी तिच्याकडे नीट वळून बघितलं. "भोकातून खडकाचे तुकडे वर येतात, मावशी. धुऊन तुमच्या हातात देईन. बोअरमध्ये निघालेल्या खडकाशी जुळवून बघा. नुसता लागला म्हणून थांबायचं नाही, खडकात किती आत जायचं ते मॅडम सांगतील. प्रत्येक पाइलला त्यांचा माणूस हजर असेल, तो हो म्हणेल तेव्हाच थांबायचं."

"आणि भोकात खाली गाळ साचला तर?"

"तळ धुवायचा, पाणी साफ येईपर्यंत. मग लगेच पिंजरा आणि काँक्रीट. काँक्रीट वरून ओतायचं नाही, पाइप तळापर्यंत सोडून खालून वर भरत आणायचं. पाइपचं तोंड काँक्रीटमधून बाहेर येऊ द्यायचं नाही."

"किती भरलं ते मोजायचं का?" मी विचारलं.

"मोजायचं. भोकाच्या हिशेबापेक्षा कमी लागलं तर पाइल कुठेतरी बारीक झालाय किंवा बाजूची माती आत पडलीय. फार जास्त लागलं तर राडारोड्याच्या पोकळीत गेलंय. इथे भरावात लोखंडी नळकांडं घालूनच खाली जावं लागेल, नाहीतर भोक ढासळेल."

"झाल्यावर कसं बघणार?"

"वरून हातोडी मारून आवाजाची लाट खाली पाठवतात. मधे तुटला असेल तर कळतं. ती टेस्ट सगळ्यांची करू. आणि वजन ठेवून एकाची तरी."

बायजाआजीने मान डोलावली, पण ती जागची हलली नाही. "आता माझं विचारते. तुमचं ते लोखंडी छिन्नी आपटायचं मशीन नाक्यावर लागलं व्हतं, तेव्हा माझ्या फडताळातली भांडी नाचत व्हती. हितं तसलं लावलंत तर दुसऱ्या दिवशी मी तुमच्याच घरी राहायला येईन."

रतनशेठ हसले. "नाही मावशी, गोल फिरून खणणारं मशीन लावू. तुमच्या भेगांवर आधी काचेच्या पट्ट्या चिकटवू. घर हललं तर काच फुटेल, मी लगेच काम थांबवीन."

तेव्हा आजा बोलला. "आमचं मागाहून," तो म्हणाला. "आधी हिचं घर. त्याच्या खाली काय घालता येतं ते सांगा."

पप्पांनी त्याच्याकडे झटकन पाहिलं. कोणी त्यांना विचारलं नव्हतं.

नीरजा मॅडम म्हणाल्या की येतं, भिंतीच्या दोन्ही अंगांनी बारीक पाइल खडकापर्यंत उतरवून जुन्या पायाला धरता येतं. घर वर उचललं जाणार नाही, पण पुढे खचणं थांबेल. भेगा नंतर बुजवता येतील.

"दार लागंल?" बायजाआजीने विचारलं.

"दार नवीन बसवावं लागेल."

"म्हणजे चार बोटं तशीच राहणार."

"ती तशीच राहणार," मॅडम म्हणाल्या.

छोटं मशीन आलं त्या सकाळी आजा अंघोळ करून, टोपी घालून बाहेर आला. त्याच्या हातात नारळ होता. कोपऱ्याकडे न जाता तो बायजाआजीच्या मागच्या भिंतीशी गेला, जिथे पहिलं भोक पडायचं होतं. बायजाआजी तिथेच होती. शेजारी शिवराम गवंडीही होता. तिने स्वतः जाऊन त्याला बोलावून आणलं होतं, दार बसवायला. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

आजाने शिवरामकडे बघायचं टाळलं. नारळ बायजाआजीपुढे धरला. "तू फोड. तुझी जागा हाय."

तिने नारळ घेतला. कानाशी धरून हलवला, आतलं पाणी ऐकलं. आम्ही सगळे वाट बघत होतो, मशीनवालासुद्धा. मग तिने तो पदराखाली घेतला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "वाटणाला होईल." आणि ती आत गेली. उघड्या दारातून ती तो फडताळात ठेवताना दिसत होती.

आजाचा हात अजून पुढेच होता. मशीनवाल्याने रतनशेठकडे पाहिलं, रतनशेठनी आजाकडे.

"नारळ, बाबा?" रतनशेठनी हळूच विचारलं.

आजाने हात खाली घेतला. "चालू करा," तो म्हणाला आणि बाजूला झाला. त्याला जाता आलं असतं, पण गेला नाही. भोकातून पहिला काळा चिखल वर आला, बायजाआजीच्या अंगणात पसरला, आजाच्या चपलांपर्यंत पोचला. त्याने पाय हलवला नाही.